स्टँडीच्या पोटात गेलेला फोन नंबर

आमचं कुडाळजवळ घरगुती कोकमाचं काम आहे. आगळ, आमसुलं आणि सरबत एवढाच पसारा. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रदर्शनात सहा फुटांचा स्टॉल मिळाला. मागे लावायला स्टँडी, म्हणजे बेसमधून वर ओढून उभं करायचं छापील फ्लेक्स, हवी असं दिरांनी सुचवलं आणि लॅपटॉपवर थोडंफार डिझाइन जमतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

दुकानात विचारलं तर दोन मापं सांगितली. अडीच बाय सहा आणि तीन बाय सहा. सहा फुटांच्या स्टॉलमध्ये तीन फुटी स्टँडी ठेवली तर मागे मी उभी राहणार कुठे? अडीच फुटी घेतली. घरी येऊन तीस इंच रुंद आणि बहात्तर इंच उंच अशी फाइल केली आणि ती इंच न इंच भरून टाकली. वर देवळाच्या कमानीसारखी नक्षी, मधे बाटली, बाजूला कोकमाचे आठ फायदे आणि तळाला लाल पट्टीवर पत्ता आणि फोन नंबर. लेटरहेडवर पत्ता खाली असतो, म्हणून इथेही खाली. याहून जास्त विचार केला नव्हता.

स्टँडी घरी आली. बेसचे आडवे पाय वळवून उभे केले, मागची दांडी खोचली, वरची पट्टी ओढून दांडीला अडकवली. नक्षी दिसली, बाटली दिसली, आठही फायदे दिसले. पत्त्याची पहिली ओळ अर्धी दिसत होती आणि फोन नंबर कुठेच नव्हता. सासूबाई वाकून बेसच्या फटीत बघत म्हणाल्या, "नंबर डब्यात गेलाय की काय?"

खरंच डब्यात गेला होता. मी चिडून दुकानात गेले. तिथल्या ऑपरेटर दादांनी वाद न घालता एक रिकामी स्टँडी उघडून दाखवली. बेसच्या आत स्प्रिंगवर फिरणारा रूळ असतो आणि त्याला प्लास्टिकची एक पट्टी जोडलेली असते. आपलं छापील फ्लेक्स त्या पट्टीला डबल टेपने चिकटवतात. हा जोड बाहेर दिसला तर फ्लेक्सच्या खाली करडी पट्टी दिसते, म्हणून तो बेसच्या तोंडाच्या बराच आत ठेवतात. शिवाय स्प्रिंग सतत मागे ओढत असते. छापील भागाचा थोडा वळसा रुळावर बसला की ओढ सगळी टेपवर येत नाही. टेपवर आली तर उन्हात गोंद मऊ होतो आणि कधीतरी फ्लेक्स सुटून हातात येतं.

"ताई, सहा फूट म्हणजे फ्लेक्स सहा फूट. दिसतं ते दांडीच्या मापाचं," ते म्हणाले. मग आम्ही टेप लावून मोजलं. माझ्या स्टँडीत बेसच्या तोंडापासून वरच्या पट्टीपर्यंत सदुसष्ट इंच भरले. वरच्या पट्टीत अर्धा इंच चिमटला होता. बहात्तरातून हे वजा केलं तर साडेचार इंच खाली आत. माझी लाल पट्टी होती पाच इंचांची! हे साडेचार इंच सगळीकडे तेवढेच नसतात. बेस जाड असेल किंवा चिकटवणाऱ्याचा हात वेगळा असेल तर ते कमी-जास्त होतात. डिझाइन करण्याआधी आपल्याला मिळणारी स्टँडीच उघडून मोजायची, एवढाच त्यावर उपाय.

दुसऱ्यांदा फाइल केली तेव्हा माप तेच ठेवलं, तीस बाय बहात्तर. तळाच्या पाच इंचांवर आधी एक रेघ ओढली. रेघेखाली फक्त मागचा रंग तसाच पुढे नेला, अक्षर एकही नाही. तो भाग पांढरा सोडायचा मोह होतो, पण चिकटवताना अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर तळाला पांढरी फीत डोकावते. रेघेच्या वर आणखी दोन इंच मजकुराविना सोडले. दोन्ही कडांनाही दोन-दोन इंच सोडले, कारण फ्लेक्सच्या कडा काही दिवसांनी आत वळतात आणि कडेची अक्षरं त्याबरोबर वळतात.

मग दुसरा प्रश्न आला, जो मला बेसच्या निमित्तानेच सुचला. बेसने साडेचार इंच झाकले, टेबल किती झाकेल? स्टँडी टेबलामागे उभी राहणार होती. बेसचं तोंड जमिनीपासून तीन इंचांवर आणि टेबल तीस इंचांचं. म्हणजे सदुसष्टातले खालचे सत्तावीस इंच टेबलाआड. माणूस उभा राहून वरून बघतो म्हणून थोडं जास्त दिसतं खरं, पण टेबलावर बाटल्या मांडल्या की तेही गेलं. हिशेबाला वरचे चाळीस इंच उरले.

त्या चाळीस इंचांत आठ फायदे कुठे बसवणार? ते काढताना जीवावर आलं. शेवटी उरलं असं: वर तीन इंच मोकळे, मग 'कोकम' आणि 'आगळ' असे दोन शब्द एकाखाली एक, पाच-पाच इंचांचे. नजरेच्या रेषेत तेच येतात. त्याखाली 'सोलकढीसाठी, सरबतासाठी' ही एक ओळ, मग बाटलीचा फोटो आणि फोटोच्या लगेच खाली दोन इंची आकड्यांत फोन नंबर. टेबलाआडच्या भागात कोकमाची फांदी पसरली. झाकली तरी काही बिघडत नाही, आणि कधी टेबल नसेल तर रिकामं दिसत नाही.

देवनागरीत एक वेगळी पंचाईत होते. पाच इंच म्हणून धरलेल्या ओळीत वरच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकारही धरलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अक्षर बरंच लहान पडतं. ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून माप अक्षराच्या अंगाचं घेतलं, फॉन्टच्या आकड्याचं नाही. पहिल्या वेळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता आणि 'सिंधुदुर्ग'चा रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसला होता. या वेळी मजकूर कर्व्हमध्ये बदलूनच फाइल दिली, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि दुकानात फॉन्ट लागत नाही. बदलण्याआधी नणंदेकडून दोनदा वाचून घेतला, कारण नंतर त्यात साधा काना बदलता येत नाही.

छापायला देण्याआधी ऑपरेटर दादांनीच एक युक्ती सांगितली. डिझाइन दहाव्या हिश्शात छापायचं, म्हणजे तीन इंच रुंद आणि सव्वासात इंचांच्या आसपास उंच. तो कागद डोळ्यांपासून एक फुटावर धरला की खरी स्टँडी दहा फुटांवरून जशी दिसेल तशीच दिसते. मी कागदाच्या खालच्या भागावर पोस्टकार्ड ठेवून टेबल केलं आणि सासूबाईंना चष्म्याशिवाय दाखवला. त्यांनी 'कोकम आगळ' वाचलं, नंबर वाचला आणि "सोल... काय?" म्हणून थांबल्या. ती ओळ मी दीडपट केली.

प्रदर्शनात चार दिवस स्टँडी टेबलामागे उभी होती. लोक बाटली हातात न घेताच नंबर फोनमध्ये टिपून घेत होते. पहिलं फ्लेक्स परत घरी आणलं होतं. ते सासूबाईंनी पडवीत लाकडांवर झाकायला घातलंय. तिथे तो नंबर अगदी पूर्ण दिसतो.