पुस्तकांमागचे विंचू

इकडे जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. म्हणून रविवारची दुपार मी कोल्हापूरच्या फोनसाठी राखून ठेवली आहे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. माझं जेवण आटोपून भांडी घासून होतात तेव्हा मंगळवार पेठेत काकूंचा चारचा चहा कधीच झालेला असतो आणि त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ दादा, सोफ्यावर आडवा पडून फोन उचलतो.

मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी दादानं मला कामाला लावलं. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. नव्या घरात त्याला स्वतःची खोली दिली, पण दिवा घालवला की पोरगं उशी घेऊन आजीच्या खोलीत. "त्याला एक मालिका दाखवायची हाय," दादा म्हणाला. "आपल्या लहानपणची. एक पोरगं अंधारात एकटंच झोपतंय आणि आलेल्या चोराला चावतंय. गोट्याच असणार. पण तो भाग काही घावंना. तू शोध की."

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. ती मालिका लागायची तेव्हा मी जेमतेम रांगत असणार, त्यामुळे माझ्या आठवणीचा उपयोग शून्य. जे काही होतं ते त्याच्या डोक्यात होतं आणि मला ते फोनवरून काढून घ्यायचं होतं.

'गोट्या'वर त्याचा एवढा भरवसा का, हे आधी विचारलं. त्यानं लगेच 'बीज अंकुरे अंकुरे' गुणगुणायला सुरुवात केली. गाणं 'गोट्या'चंच, त्यात शंका नाही. पण त्या गाण्यानंतर तो प्रसंग बघितल्याचं त्याला आठवत होतं का? नव्हतं. लहान मुलगा, जुनी मालिका एवढं म्हटलं की मराठी घरातल्या कुणाच्याही ओठांवर हेच गाणं येतं. शीर्षकगीत ओळखीचं असलं की आपण बाकीच्या सुट्या आठवणी त्याच्या दाव्याला नेऊन बांधतो. म्हणून गाणं बाजूला ठेवलं आणि त्याला म्हटलं, मालिकेचं नाव विसर, तो मुलगा कसा होता ते सांग.

"भित्रा," तो पटकन म्हणाला. "लई भित्रा. आजीजवळ झोपायचा. बापाला वचकून असायचा."

या तीन वाक्यांनी निम्मं काम केलं. गोट्या अनाथ, दुसऱ्यांच्या घरात वाढलेला. दटावणारा बाप त्याच्या गोष्टीत बसतच नाही. माझ्या मनात दुसरं नाव होतं 'फास्टर फेणे'चं. भा. रा. भागवतांच्या बन्यावर दूरदर्शननं मालिका केली होती, सुमीत राघवन त्यात फेणे झाला होता, आणि चोर पकडणं हे तर बन्याचं रोजचंच. पण बन्या संकटात आपणहून उडी घेतो. दादाच्या आठवणीतलं पोरगं नाइलाजानं अडकलेलं होतं. नुसतं 'मुलानं चोर पकडला' एवढ्यावर शोधलं असतं तर मी बन्याच्या मागे आठवडाभर फिरले असते. प्रसंग दहा मालिकांत सारखा असू शकतो. तो करणाऱ्याचा स्वभाव मात्र दहांत सारखा नसतो, म्हणून मी नेहमी आधी तोच विचारते.

मग प्रसंगाकडे वळलो. इथं एक पथ्य पाळावं लागतं. "खोलीत पलंग होता का?" असं विचारलं की ऐकणारा मनातल्या मनात पलंग मांडतो आणि "होता बहुतेक" म्हणतो. एकदा मांडलेला पलंग पुन्हा हलवता येत नाही. म्हणून मी फक्त एवढंच म्हणत राहिले, "आणखी काय दिसतंय?" आणि गप्प बसले. फोनवर गप्प बसणं अवघड असतं, पण दादाला वेळ दिला की तो सांगतो.

त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं. कौलारू घर, लाकडी खांब, बाहेर पाऊस. वडील चष्मेवाले, मास्तर, कपाटभर पुस्तकं. आई-आजी मराठी बोलणाऱ्या. मुलगा एका बाकाखाली शिरून झोपतो. आणि मग जरा थांबून तो म्हणाला, "विंचू. पुस्तकांच्या मागं विंचू असतात म्हणून त्या खोलीत झोपायला नको म्हणत होता."

विंचू ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. कौलारू घर, पाऊस, चष्मा हे कुणाच्याही आठवणीत असतं. आमच्या वाड्यातही होतं. पण पुस्तकांमागचे विंचू आणि बाकाखालचं अंथरूण कुणी मनानं रचत नाही. आठवणीत जे विचित्र असतं ते बहुधा खरं असतं, आणि जे आपल्या घरासारखं असतं ते आपल्याच घरातून आलेलं असू शकतं. आमचे काका शाळामास्तर होते. त्यामुळे 'वडील मास्तर' या नोंदीपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं. 'मराठी बोलणाऱ्या' याच्यापुढेही काढलं, कारण मूल गोष्टीचा अर्थ लक्षात ठेवतं, भाषा नाही.

काळाचं काकूंनी सांगितलं. त्यांना मी दादाच्या माघारी विचारलं, नाहीतर दोघांच्या आठवणी एकमेकांत मिसळल्या असत्या. त्या म्हणाल्या, हा टीव्ही बघायला पुढच्या सोप्यातल्या बिऱ्हाडाकडे जायचा, आणि तो वाडा आपण 1988 च्या मे महिन्यात सोडला. म्हणजे मालिका त्याआधीची. अशा पुराव्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. दूरदर्शन चांगल्या मालिका पुन्हा दाखवायचं, त्यामुळे 'अमुक सालाच्या आधी सुरू झाली' एवढंच खात्रीनं म्हणता येतं. पहिल्यांदा कधी लागली, हे त्यावरून कळत नाही.

कौलारू घर, पाऊस, वडिलांचा धाक, आजीची कूस, 1988 च्या आधी. माझ्या मनात आता 'मालगुडी डेज' होती. शंकर नाग यांनी 1986 मध्ये केलेली, आर. के. नारायण यांच्या कथांवरची. तिचं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात आगुंबेला झालं. ते सह्याद्रीच्याच रांगेतलं गाव, पाऊस आपल्या गगनबावड्यासारखा, घरंही तशीच उतरत्या कौलांची. कोल्हापूरच्या सात वर्षांच्या पोराला ते घर मराठी वाटलं तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

पण वाटणं वेगळं आणि पटणं वेगळं. इथल्या वाचनालयातून मी 'मालगुडी डेज' नावाचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि दोन रात्रींत वाचून काढलं. त्यात स्वामी होता, शाळा चुकवायला बघणारा. विंचू नव्हते, बाक नव्हतं, चोराचा पायही नव्हता. इथं मी जवळजवळ माघार घेतली होती. दादाला "ही नव्हे" असा निरोपही टाइप केला होता.

तो पाठवला नाही, कारण एक गोष्ट ध्यानात आली. मालिकेचं नाव आणि पुस्तकाचं नाव एक असलं तरी मालिका त्या एकाच पुस्तकावर नाही. स्वामीच्या शाळेचे भाग 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीतून घेतले आहेत, आणि काही कथा इतर संग्रहांतल्या आहेत. मग मी 'अंडर द बनियन ट्री' हा संग्रह मागवला. तो यायला आठ दिवस लागले. त्यात 'अ हिरो' नावाची छोटीशी कथा निघाली. वडील वर्तमानपत्रात एका धाडसी मुलाची बातमी वाचतात आणि स्वामीला म्हणतात, धैर्य असेल तर आज रात्री माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोप. स्वामी आढेवेढे घेतो, आणि त्यातलंच एक कारण म्हणजे वडिलांच्या कायद्याच्या पुस्तकांमागे विंचू असतील. वडील मास्तर नव्हेत, वकील. ती कपाटभर पुस्तकं कायद्याची. दादाच्या डोळ्यांना पुस्तकं बरोबर दिसली होती, त्यांचा मालक त्यानं आपल्या घरातून आणला होता.

पुढे तो बाकाखाली शिरतो, भीतीनं अर्धमेला होतो, अंधारात काहीतरी हलतं आणि तो त्यावर दात रोवतो. तो निघतो घरात शिरलेल्या चोराचा पाय.

तरीही दादाला नाव सांगायच्या आधी एक पडताळा बाकी होता. कथेचा शेवट त्यानं अजून सांगितला नव्हता आणि मीही तोंडातून काढला नव्हता. फोन करून एवढंच विचारलं, "चोर सापडल्यावर पोराचं काय झालं?"

"काय व्हायचं? सगळ्यांनी कौतुक केलं. शाळेत, पोलिसांनी. आणि रात्री बाप घरी येऊन बघतोय तर हे आपलं परत आजीजवळ झोपलेलं."

कथा अगदी तिथंच संपते. एवढी खूण पटल्यावर आणखी विचारायचं काही उरलं नव्हतं. मी त्याला नाव सांगितलं आणि भागही शोधून पाठवला.

सुरुवातीला त्यानं वादच घातला. "अगं मालगुडी मला माहिती हाय की! ते 'ताना नाना' वालं. त्यात हे नव्हतं." ही अडचण पुष्कळदा येते. मालिका ठाऊक असते, धूनही ठाऊक असते, पण आठवणीतला तो एक प्रसंग तिच्यापासून सुटून वेगळा राहिलेला असतो, आणि माणूस दोन्ही जोडायला तयार होत नाही. मी म्हटलं, वाद नको, नुसता बघ.

संध्याकाळी त्यांनी बघितला. दादा, वहिनी, काकू आणि पोरगं. मला व्हिडिओवर घेतलं होतं, पण फोन टीव्हीकडे वळवलेला, त्यामुळे मला दिसत होता तो पडद्याचा एक कोपरा आणि काकूंच्या पदराची कड. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आली, एल. वैद्यनाथन यांची ती धून वाजली. मास्टर मंजुनाथचा स्वामी दिसला आणि दादा नुसतं "अरे" म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मधेच एकदा, "हे हिंदीत हाय की गं!" त्याला ते मान्यच होईना. चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात ती आजी मराठीत बोलत होती.

बाकाखालचा प्रसंग आला तेव्हा त्यानं फोन हातात घेतला. चेहरा लाल झालेला. "मला ती रात्र आठवतेय," तो म्हणाला. "बघून आलो आणि सोप्यातनं आत यायची हिंमत होईना. आजी कंदील घेऊन न्यायला आली. मी तिच्या लुगड्याला धरून आलो आणि तिच्याजवळच झोपलो." आमची आजी जाऊन आता सतरा वर्षं झाली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पोरगं मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हतं. त्याला एकच विचारायचं होतं, आपल्या कपाटामागं विंचू आहेत का.

पुढच्या रविवारी मी फोन केला तेव्हा विचारलं, पठ्ठ्या आता आपल्या खोलीत झोपतो का.

"दोन रात्री झोपला," दादा म्हणाला. "मान ताठ करून सांगत फिरत होता सगळ्यांना. काल परत आजीजवळ."