देतो आणि देतो.

चॅटमधे वाक्य संपलं हे सांगायला टिंब लागतच नाही, सेंड दाबलं की संपलं. म्हणून मग कुणी टिंब दिलंच तर वाचणाऱ्याला वाटतं ह्याला अजून काहीतरी म्हणायचंय, आणि ते काहीतरी म्हणजे हमखास राग.

आता हेच बघा. भाच्यानं मामाला विचारलं, "मामा, उद्या सोयाबीन मोंढ्यात न्यायचंय, टेम्पो देता का?" उत्तर आलं, "देतो." पोरगं लगेच आईकडं, मामा कामून चिडले गं? मामा कशाला चिडतेत, ती टिंब राहिलं म्हणून शाळेत छड्या खाल्लेली पिढी. आणि बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप पडतं, ते तर त्यांच्या गावीही नसतं. हेच मामांनी "हो देतो. सातला ये. ताडपत्री आण." असं लिहिलं असतं तर तीन टिंबं असूनही पोरगं निवांत झोपलं असतं, कारण तिथं टिंबाला काम आहे, वाक्यं वेगळी करायचं. टोचतं ते एकट्या शब्दामागचं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठानं २०१५ मधे नेमकं हेच तपासलं होतं, छोट्या उत्तराला टिंब असलं की विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं, पण तसंच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर काही फरक पडला नाही.

मावशीचं वेगळंच. "जेवलास का....." "पाऊस झाला का....." "बरं....." पोस्टकार्डावर जागा इतकुशी, प्रत्येक गोष्टीला नवी ओळ कोण देणार, म्हणून मधे टिंबं टाकून पुढं जायचं, तीच सवय फोनवर आली. पण चॅटमधे नवी ओळ फुकट, मग पोरांना वाटतं मावशीनं काहीतरी गिळलं. अशा वेळी जुने मेसेज वर सरकवून बघायचे, सगळीकडंच टिंबांची रांग असली तर मावशी खुशाल आहे. एरवी कधीच न देणारीनं एकदम दिली तर मात्र टाइप करत बसू नये, सरळ फोन लावावा.

कॅपिटलची भानगड देवनागरीत नाहीच, मोठं-छोटं अक्षरच नाही ना, ती इंग्रजी कीबोर्डवर मराठी टाइप करणाऱ्यांची. फोन पहिलं अक्षर आपणच मोठं करतो, त्यामुळं Yeto ला काही अर्थ नाही, पण YETO आलं की कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखं वाटतं. आमच्या काकांचे सगळेच मेसेज तसे, बारीक अक्षर दिसत नाही म्हणतेत. एकदा त्यांना लिहिलं, काका, तुम्ही ओरडायलात असं वाटायलंय. उत्तर आलं,

"BARA."

आता हे काय समजायचं?