“गणित, ५ ते ७” म्हणजे नेमकं काय?

“सर, ५ ते ७ गणित.” दहावीतली मुलगी आज टाईमटेबल दाखवत होती, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत एकही चौकट रिकामी नाही, रंगीत पेनांनी सुंदर आखलेलं. मी विचारलं, या दोन तासांत काय करणार? ती म्हणाली, “गणितच की.”

हेच डोक्यात राहिलं. “गणित” हे काम नाही, विषय आहे. तो संपला कधी हे कळणार कसं? मग मुलं सोडवलेली उदाहरणं वाचत बसतात आणि अभ्यास झाला असं वाटतं.

आम्ही ती चौकट बदलली. वर्गसमीकरणं, सूत्र पद्धत, सहा गणितं, पुस्तक बंद करून. किती वेळ लागेल? ती म्हणाली वीस मिनिटं. घड्याळ लावलं तर चाळीस लागली, कारण दोनदा ऋण चिन्हात अडकली. आता तिला दोन गोष्टी कळल्या, खरा वेळ किती लागतो आणि चूक नेमकी कुठे होते. ती दोन गणितं तीन दिवसांनी परत सोडवायची, असं तिथेच लिहून टाकलं.

आणि रोज संध्याकाळी एक तास मुद्दाम रिकामा ठेवला. राहिलेलं काम तिथे जातं. नाहीतर सोमवारचं मंगळवारवर ढकललं जातं आणि गुरुवारपर्यंत पोरं टाईमटेबलच सोडून देतात, वर स्वतःला आळशी म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरच्या टाईमटेबलमध्ये रिकामा तास आहे का?