आज्ज्यांचा कारखाना

फ्रान्सच्या ज्युलियाँ तिएनोने 2013 मध्ये ‘कुकी क्लिकर’ नावाचा खेळ काढला. पडद्यावर एक मोठं बिस्किट. टिचकी मारली की एक बिस्किट जमा, बस्स. पंधरा जमली की आपोआप टिचक्या मारणारा कर्सर मिळतो, शंभर जमली की एक आज्जी. ही आज्जी दर सेकंदाला एक बिस्किट भाजते. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पगार किती देतात तिला?”

पगार नाही, पण भाव आहे. एक आज्जी घेतली की पुढची 15 टक्क्यांनी महागते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाच आज्ज्यांत भाव दुप्पट होतो. पहिली आज्जी 100 सेकंदांत स्वतःची किंमत वसूल करते. अकरावी 405 बिस्किटांना पडते, म्हणजे वसुलीला पावणेसात मिनिटं. आता कंटाळा येणार, इतक्यात 1100चं शेत दिसतं, सेकंदाला आठ देणारं. त्याची वसुली सव्वादोन मिनिटांत! आपण किती हुशारीने गुंतवणूक केली, असं वाटतं. खरं तर जिना चढवणाऱ्याने पुढची पायरी नेमकी तिथेच ठेवलेली असते. शेतही महागतं, मग खाण येते. मी तर वहीत वसुलीचा तक्ताच मांडला होता. घरचा हिशेब मी कधी इतक्या मन लावून लिहिला नाही.

एवढ्यावर सुटका झाली असती, पण मध्येच सोनेरी बिस्किट येतं. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. 13 सेकंदांत टिपलं नाही की गेलं. म्हणून टॅब मिटवत नाही आणि जेवताना डावा हात माऊसवर.

चौथ्या दिवशी वही उघडली तेव्हा सेकंदाला दहा हजार बिस्किटं येत होती. नवी खाण घेतली तर त्यात 94ची भर, एक टक्काही नाही. म्हणून एक प्रयोग केला. खेळ उघडण्याआधी चिठ्ठीवर लिहिलं: आता काय घेणार? तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा बरोबर. म्हणजे शेत घ्यावं की आज्जी, हा सुरुवातीचा पेच आता उरलाच नव्हता. ठरलेली वस्तू परवडेपर्यंत वाट पाहायची, एवढंच काम. (सगळं शून्यावर आणून थोड्या जादा वेगाने पुन्हा सुरू करायची सोयही आहे. तो जिना मी चढले नाही.)

टॅब बंद केली तेव्हा आई चहा गाळत होती.

“झाली का गं बिस्किटं?”

“अडीचशे कोटी.”

“मग दोन आण की इकडे.”