तीन दिवसांआड म्हणजे नेमके कधी? सूचनेखालच्या एका इंग्रजी ओळीचा माझा अनुभव

आमची गृहनिर्माण संस्था छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासलगत आहे. ४८ सदनिकांपैकी पंधराएक घरे मराठी न वाचणाऱ्यांची आहेत. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली ही तमिळ, ओडिया आणि बंगाली कुटुंबे आहेत. उरलेल्या घरांतही बीड, जालना, परभणीकडच्या गावांहून मुलांकडे राहायला आलेले आईवडील बरेच आहेत आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. संस्थेचा सचिव म्हणून व्हॉट्सॲपवर सूचना पाठवण्याचे काम माझ्याकडे आल्यावर मी ठरवले की मराठी सूचनेखाली एक छोटी इंग्रजी ओळ द्यायची आणि कोणी इंग्रजीत काही कळवले, तर त्याखाली एक मराठी ओळ द्यायची. हिंदीत लिहा, असेही काहींनी सुचवले. परंतु आमच्या तमिळ शेजाऱ्यांना देवनागरी लिपीच वाचता येत नाही, त्यामुळे तो विचार तिथेच थांबला.

सुरुवात अंकांवरून झाली. पाण्याच्या टाक्या धुण्याच्या सूचनेत मी ‘दुपारी ४ वाजता पाणी बंद’ असे लिहिले होते आणि खाली इंग्रजी ओळ दिलेली नव्हती. एका घरातल्या वहिनींनी फक्त अंक ओळखून रात्री आठ धरले, कारण मराठी ४ हा मराठी न येणाऱ्याच्या डोळ्याला इंग्रजी 8 सारखाच दिसतो. मराठी १ आणि इंग्रजी 9 यांचेही तसेच होते. अक्षरे वाचता आली नाहीत तर माणूस विचारायला येतो. अंक मात्र त्याला वाचता आल्यासारखे वाटतात, म्हणून तो विचारत नाही. तेव्हापासून मी सूचनेच्या दोन्ही ओळींत इंग्रजी अंकच लिहितो. आमच्या वडीलधाऱ्यांना घड्याळ, कॅलेंडर आणि फोनमुळे ते अंक ओळखीचे आहेत, त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही.

खरी अडचण मे महिन्यात टँकरच्या वेळी आली आणि तिचा त्रास माझ्या मनातून अजून गेलेला नाही. उन्हाळ्यात महापालिकेचे पाणी पुरत नाही, म्हणून संस्थेने टँकर लावला. टँकरचे पाणी खालच्या हौदात घ्यायचे आणि त्याच दिवशी सकाळी ठरावीक वेळ प्रत्येक घराचा नळ सोडायचा, अशी व्यवस्था होती. पहिला टँकर ३ मे रोजी आला. त्याच दिवशी मी पुढील सूचना पाठवली.

```
आजपासून टँकर तीन दिवसांआड येईल.
From today, tanker every three days.
```

लिहिताना मला यात काहीही चूक दिसली नाही. आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबाने मात्र इंग्रजी ओळ वाचून ३, ६, ९ अशा तारखा धरल्या आणि इंग्रजीच्या हिशेबाने ते बरोबरच होते. ६ तारखेला पाणी येणार, या भरवशावर त्यांनी ५ तारखेच्या संध्याकाळी पिंपातले पाणी कपड्यांना वापरून टाकले. घरात पाच महिन्यांचे बाळ होते. ६ तारखेला नळ आला नाही, कारण तीन दिवसांआड म्हणजे मध्ये ४, ५ आणि ६ हे तीन दिवस सोडून ७ तारखेला, असे टँकरवाल्याशी ठरलेले होते. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून दोन कळशा नेल्या. ते एक शब्दही वाईट बोलले नाहीत, पण ती ओळ माझी होती आणि त्यांचा त्या ओळीवर विश्वास होता, ही गोष्ट मला फार लागली.

‘एक दिवसाआड’ याला इंग्रजीत सरळ शब्द आहे, ‘ऑल्टरनेट डेज’, आणि तिथे गोंधळ होत नाही. एकाच्या पुढे गेले की हिशेब बदलतो, कारण आपले ‘आड’ हे मधले रिकामे दिवस मोजते आणि इंग्रजीतले ‘एव्हरी’ हे एका फेरीपासून पुढच्या फेरीपर्यंतचे अंतर मोजते. म्हणून मराठीतल्या आकड्यात एक मिळवल्याशिवाय इंग्रजी ओळ बरोबर होत नाही. तीन दिवसांआड म्हणजे इंग्रजीत दर चौथ्या दिवशी. हे लक्षात आल्यावर मी लगेच दुरुस्ती लिहिली.

```
Correction: tanker every fourth day. Next: 7 May.
```

इथून पुढे प्रकरण अडकले. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, या दुरुस्तीला हरकत घेतली. ‘‘अहो, वर तीन आहे आणि खाली चार आहे. दोन भाषांत दोन आकडे गेले तर लोक म्हणतील की मराठीवाल्यांना वेगळे सांगतात आणि बाकीच्यांना वेगळे,’’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, कारण दोन्ही ओळी वाचणाऱ्या एका सभासदाने खरोखरच मला तसे विचारले होते. परंतु त्यावर कार्यकारिणीने असा निर्णय घेतला की यापुढे प्रत्येक इंग्रजी ओळ दोन सभासदांनी पाहून मान्य केल्याशिवाय पाठवायची नाही. मी ओळ पाठवायचो, एक जण शेंद्र्याला ड्यूटीवर असायचे, दुसरे संध्याकाळी फोन बघायचे, आणि मान्यता येईपर्यंत सूचनेची वेळ टळून गेलेली असायची. ११ तारखेच्या टँकरची इंग्रजी ओळ मला १२ तारखेला मान्य होऊन मिळाली. एका ओळीसाठी दीड दिवस थांबावे लागते, याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आजही तो निर्णय मला चुकीचा वाटतो. पाण्याच्या सूचनेला उशीर म्हणजे ती सूचना न देण्यासारखेच आहे.

दरम्यान मी ‘आफ्टर अ गॅप ऑफ थ्री डेज’ असाही मसुदा केला. शब्दशः तो बरोबर होता, पण ओडिया कुटुंबातील एका गृहस्थांनी टँकरचा दिवसही त्या तीनांत मोजला. मग मी एक काम केले, जे आधीच करायला हवे होते. जिन्यात भेटलेल्या सहा मराठी माणसांना मी फक्त मराठी ओळ दाखवली आणि ३ तारखेनंतरचा टँकर कोणत्या तारखेला येईल, असे विचारले. चौघांनी ७ सांगितले आणि दोघांनी ६ सांगितले. त्या दोघांपैकी एक आमच्याच घरातले होते. म्हणजे इतके दिवस मी ज्या वाक्याचे भाषांतर जुळवत बसलो होतो, ते मूळ वाक्यच सगळ्यांना सारखे कळत नव्हते. मराठी घरांत त्याची चर्चा झाली नाही, कारण चुकले तर शेजारी विचारून काम भागत होते.

हे उत्तर घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, भिंतीवरचे कॅलेंडर काढून समोर ठेवले आणि म्हणाले, ‘‘मग आड-बिड काढून टाका आणि तारखाच लिहा.’’ त्याप्रमाणे नवी सूचना अशी गेली.

```
टँकर : 15, 19, 23, 27 मे, सकाळी 7 वाजता.
Tanker: 15, 19, 23, 27 May, 7 am.
```

यात दोन्ही ओळींतले अंक तेच आणि त्याच क्रमाने आहेत, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या सभासदालाही खालची ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहता येते. गुरुजींची हरकत आपोआप मिटली आणि पुढच्या बैठकीत मान्यतेची अटही रद्द झाली. आता माझी पद्धत अशी आहे की इंग्रजी ओळ लिहायला बसण्यापूर्वीच मी मराठी ओळीत तारीख, वेळ आणि कोणी काय करायचे एवढे नेमके लिहितो. जे मला नेमके लिहिता येत नाही, ते बहुधा मलाच नीट माहीत नसते, मग मी आधी टँकरवाल्याला किंवा वायरमनला फोन करतो.

‘पर्यंत’ या शब्दाचीही हीच काळजी घ्यावी लागते, हे सांगायचे राहिले. ‘सकाळी 9 पर्यंत पाणी येईल’ याचे दोन अर्थ होतात. नऊच्या आत केव्हातरी पाणी सुरू होईल, हा एक. आणि नऊ वाजता ते बंद होईल, हा दुसरा. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ आणि दुसऱ्याला ‘टिल’ लागते, आणि चुकीचा शब्द पडला तर अर्थ उलटा होतो. मी आता मराठीतही ‘9 वाजता बंद होईल’ असे क्रियापद बदलून लिहितो. वर्गणीची मुदत असेल तर ‘10 तारीख धरून’ असे लिहितो, कारण दहावा दिवस मोजायचा की नाही यावरून विलंब आकाराचे वाद झालेले आहेत.

रात्रीच्या वेळांचेही तसेच आहे. महापालिकेचे पाणी कधी कधी मध्यरात्रीनंतर येते. ‘गुरुवारी रात्री 1 वाजता’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात गुरुवारची रात्र असते, परंतु इंग्रजी ओळ वाचणारा गुरुवार लागल्यावरचा एक धरतो आणि एक रात्र आधीच जागत बसतो. म्हणून अशा वेळी दोन्ही वारांची नावे लिहावीत.

```
गुरुवार-शुक्रवारच्या मधल्या रात्री 1 वाजता पाणी येईल.
Water at 1 am, night between Thu and Fri.
```

ओळ किती लांब असावी, यावरही सुरुवातीला आमचे मतभेद होते. काही सभासदांना संपूर्ण सूचनेचे भाषांतर हवे होते. मी ते दोनदा करून पाहिले. ‘सर्व सभासदांना विनम्रपणे कळविण्यात येते की’ येथपासून भाषांतर केले, तर संदेश इतका लांबतो की व्हॉट्सॲप त्याला मध्येच तोडून `Read more` दाखवते आणि इंग्रजी भाग नेमका त्याच्या खाली जातो. मराठी न वाचणारा माणूस वरची चार ओळींची मराठी पाहून पुढे निघून जातो. नमस्कार, कारणे आणि आभार मराठी भागातही कमी केले, तर दोन्ही ओळी एका नजरेत बसतात. इंग्रजी ओळीत बारा-पंधरा शब्दांपेक्षा जास्त मी जाऊ देत नाही.

उलट दिशेची ओळ, म्हणजे इंग्रजी संदेशाखालची मराठी, मला तुलनेने सोपी गेली. एकच ठेच लागली. लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल एका शेजाऱ्यांनी मंगळवारी ‘नेक्स्ट फ्रायडे’ असे लिहिले आणि मी खाली ‘येत्या शुक्रवारी’ असे लिहून टाकले. त्यांना त्यानंतरचा शुक्रवार अभिप्रेत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्या शुक्रवारी सकाळी लिफ्ट बंद असेल म्हणून दवाखान्यात जाणे पुढे ढकलले आणि लिफ्ट दिवसभर चालू होती. आता ‘नेक्स्ट’ दिसले की मी लिहिणाऱ्याला आधी तारीख विचारतो.

पाठवण्यापूर्वीची माझी तपासणी छोटी आहे. मी इंग्रजी ओळ एकटीच शेजारच्या तमिळ गृहस्थांना पाठवतो, मराठी ओळ आजींना वाचून दाखवतो आणि दोघांनाही ‘‘मग तुम्ही कधी आणि काय कराल?’’ एवढेच विचारतो. ‘‘समजले का?’’ असे मी विचारत नाही, कारण त्याला सगळे होच म्हणतात. दोघांची उत्तरे जुळली की सूचना जाते. २७ मेच्या टँकरच्या आदल्या संध्याकाळी दोघांनीही मला न विचारताच पिंपे घासून ठेवली होती.