माझा अनुभव : लॅटिन स्क्वेअरचा एक फोटो आणि चार ओळींचा नमुना

कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा माझा प्रबंध इंदूरमध्ये जमा झाला, त्याला आता बरेच दिवस लोटले आहेत. तरीही कार्यालयाच्या त्या छापील नमुन्याची आठवण आली की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. पेरणी, खुरपणी, काढणी आणि वजने यांपैकी कशातही सांगण्याजोगी अडचण आली नाही, त्यामुळे त्यांवर मी वेळ घालवत नाही. अडले ते एका लहानशा तक्त्यापाशी. ज्यांनी लॅटिन स्क्वेअर मांडला आहे किंवा जे मांडणार आहेत, त्यांना त्या अडण्याचे कारण उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहे.

प्रयोग सोयाबीनवर गंधकाचा होता आणि जागा सांवेरच्या बाजूची, आमच्या काकांच्या शेतातली. चार मात्रा होत्या : अ म्हणजे गंधक नाही, ब म्हणजे हेक्टरी 10 किलो, क म्हणजे 20 आणि ड म्हणजे 30. काळ्या मातीच्या त्या तुकड्याला दोन खोडी होत्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतार असल्यामुळे मोठ्या पावसानंतर खालच्या अंगाला पाणी तुंबून राही, आणि पूर्वेच्या बांधावर जुन्या बाभळींची रांग असल्यामुळे तिच्याजवळचे पीक सावलीने आणि मुळांच्या ओढीने खुरटे. खोडी एकच असती तर साधी यादृच्छिक गटांची रचना, म्हणजे आपण ज्याला आरबीडी म्हणतो ती, पुरली असती. दोन खोडी एकमेकींना काटकोनात होत्या, म्हणून 4 ओळी आणि 4 स्तंभ आखून प्रत्येक मात्रा प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येईल अशी मांडणी, म्हणजेच लॅटिन स्क्वेअर, केली, आणि ओळींचा व स्तंभांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला.

शेताचा फोटो काढण्याची कल्पना मला जुन्या एका फोटोवरून सुचली. वेल्समधील बेडगेलर्टच्या जंगलात 1929 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या पद्धतीने 5 × 5 चा लॅटिन स्क्वेअर लावला गेला. उघड्या डोंगरउतारावर वाऱ्याचा मारा कोणत्या जातीच्या झाडाला किती सोसतो, हे पाहण्यासाठी त्यात पाच जाती होत्या, आणि 1945 च्या सुमारास काढलेल्या फोटोत त्या झाडांचे फिकट-गडद चौकोन डोंगरावर स्पष्ट उमटलेले दिसतात. माझ्याकडे डोंगर नव्हता, पण विहिरीजवळ पाण्याची उंच टाकी होती. तिच्या शिडीवरून, शेंगा भरत असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात मी संपूर्ण चौकोन एका चौकटीत घेतला. दक्षिणेकडची ओळ पिवळट आणि पूर्वेकडचा स्तंभ बुटका, हे त्यात कोणालाही दिसेल असे होते. (फोटो शेंगा भरतानाच काढावा. पुढे पाने पिवळी पडून गळू लागली की सगळेच वाफे सारखे दिसतात आणि त्या फोटोला काही अर्थ उरत नाही.)

काढणीनंतरचे वजन पुढे देते. एकक 100 ग्रॅमचे आहे, म्हणजे 49 म्हणजे वाफ्याला 4.9 किलो. वरची ओळ उत्तरेची आणि उजवा स्तंभ बाभळींलगतचा.

| | पहिला | दुसरा | तिसरा | चौथा | बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| पहिली | ड 49 | ब 44 | क 42 | अ 37 | 172 |
| दुसरी | ब 42 | ड 45 | अ 41 | क 40 | 168 |
| तिसरी | क 44 | अ 37 | ड 39 | ब 36 | 156 |
| चौथी | अ 37 | क 38 | ब 34 | ड 35 | 144 |
| बेरीज | 172 | 164 | 156 | 148 | 640 |

यात ड या मात्रेकडे नीट पाहावे. वायव्येच्या कोपऱ्यात तिचे 49 आहेत आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात, जिथे पाणीही तुंबते आणि बाभळीही आहेत, तिथे 35. म्हणजे सर्वांत जास्त गंधक मिळालेला हा वाफा गंधक न दिलेल्या चारही वाफ्यांहून खाली गेला. ही आकडेवारी ओळींची आणि स्तंभांची वजाबाकी न करता वाचली, तर गंधकाचा परिणाम आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता अडलेल्या जागेकडे येते. प्रबंध जमा करण्यापूर्वी प्रत्येक प्रयोगाचा अनोव्हाचा, म्हणजे तफावत कोणत्या कारणाने किती हे दाखवणारा, तक्ता कार्यालयाच्या ठरलेल्या नमुन्यात भरून द्यावा लागे. त्या नमुन्यात चारच ओळी छापलेल्या होत्या : रेप्लिकेशन, ट्रीटमेंट, एरर आणि एकूण. तो आरबीडीचा नमुना होता आणि माझ्या तक्त्याला पाच ओळी लागत होत्या, कारण शेतातल्या ओळी आणि स्तंभ दोन्ही वेगळे दाखवायचे होते. मी पाचवी ओळ हाताने आखून दिली, तेव्हा कागद परत आला. मी पाच ओळींचा स्वतंत्र तक्ता टंकून दिला, तेव्हा तोही परत आला, कारण तो नमुन्यात नव्हता. टेबलावरचे गृहस्थ मराठीच होते आणि बोलायला सौम्य होते, याचाच मला जास्त त्रास झाला, कारण त्यांच्यावर रागावताही येईना. “अहो ताई, रेप्लिकेशनच्या जागी तुमच्या ओळी लिहा आणि स्तंभ सोडून द्या. बेरीज जुळली म्हणजे झालं,” असे ते म्हणाले. बेरीज जुळली असती, हे खरे आहे, आणि अडचण नेमकी तीच होती. मग एकदा साहेब रजेवर, एकदा संबंधित लिपिकाकडे दुसऱ्या विभागाचा भार, एकदा नमुना सुधारण्याचा प्रस्ताव समितीपुढे असल्याचे उत्तर, असे चालत राहिले. बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचे सूचनाफलक मला पाठ झाले.

बेरीज जुळूनही निष्कर्ष कसा बिघडतो, ते इथे आकड्यांत सांगणे भाग आहे. एकूण 640 चा वर्ग करून त्याला 16 ने भागले की 25600 येतात. ही संख्या पुढच्या प्रत्येक हिशेबातून वजा होते. सोळाही आकड्यांच्या वर्गांची बेरीज 25856 आहे, म्हणून शेतातली एकूण तफावत 256. ओळींच्या चार बेरजांचे वर्ग मिळवून 4 ने भागले की 25720, म्हणजे ओळींच्या वाट्याला 120. स्तंभांचे तसेच 25680, म्हणजे 80. मात्रांच्या बेरजा अ 152, ब 156, क 164, ड 168 अशा आहेत, त्यांचे 25640, म्हणजे 40. उरलेले 16 एररचे. एररच्या सरासरी वर्गाने बाकीच्यांच्या सरासरी वर्गाला भागले की एफ मिळतो. तक्ता असा होतो :

| तफावतीचे कारण | डिग्री ऑफ फ्रीडम | वर्गांची बेरीज | सरासरी वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| ओळी | 3 | 120 | 40.00 | 15.00 |
| स्तंभ | 3 | 80 | 26.67 | 10.00 |
| मात्रा | 3 | 40 | 13.33 | 5.00 |
| एरर | 6 | 16 | 2.67 | |
| एकूण | 15 | 256 | | |

मात्रांचा एफ 5.00 आहे आणि 3 व 6 डिग्रीला पाच टक्के पातळीवर लागणारी किंमत 4.76, म्हणजे गंधकाचा परिणाम थोडक्यात का होईना, सिद्ध होतो. आता कार्यालयाचा सल्ला मानून स्तंभांची ओळ खोडली तर काय होते? बाभळींनी केलेली 80 ची तफावत शेतातून नाहीशी होत नाही. तिला तक्त्यात स्वतःची जागा राहिली नाही, म्हणून ती एररमध्ये जाऊन बसते. एरर 16 चा 96 होतो, डिग्री 6 च्या 9 होतात, सरासरी वर्ग 2.67 वरून 10.67 वर जातो आणि मात्रांचा एफ 5.00 चा 1.25 होतो. 3 व 9 डिग्रीला 3.86 लागतात. तेच शेत, तीच वजने, एकूण 256 सुद्धा तेच, आणि निष्कर्ष मात्र “गंधकाचा परिणाम आढळला नाही” असा उलटा. एवढी मेहनत करून बाभळींचा दोष गंधकाच्या माथी मारायचा, हे माझ्याने होईना.

शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी मार्ग सुचवला, आणि तुम्हालाही तोच सुचवीन. नमुन्यावर वाद घालू नये. नमुना चार ओळींतच भरावा, मात्र रेप्लिकेशनच्या चौकटीत “ओळी व स्तंभ एकत्र, डिग्री 6, वर्गांची बेरीज 200, विभागणी जोडपत्रात” असे लिहावे. असे केले की एरर 16 च राहतो, एफ 5.00 च राहतो आणि छापील चौकटही मोडत नाही. 120 आणि 80 वेगळे दाखवणारा पाच ओळींचा तक्ता जोडपत्र म्हणून, मार्गदर्शकांच्या सहीनिशी लावावा. मी त्या जोडपत्रावर टाकीवरून काढलेला फोटोही चिकटवला, त्यावर पेनाने चौकोनाच्या रेघा ओढल्या, उत्तर दिशा दाखवली आणि प्रत्येक वाफ्यात त्याचे अक्षर लिहिले.

तो फोटोच उपयोगी पडला. कागद सांख्यिकीच्या एका ज्येष्ठ अध्यापकांकडे अभिप्रायाला गेला. त्यांनी आकड्यांआधी फोटो हातात घेतला आणि “बाभळी या अंगाला का?” एवढेच विचारले. मी हो म्हटल्यावर त्यांनी चौथ्या स्तंभाच्या 148 वर बोट ठेवले, पहिल्याच्या 172 वर ठेवले आणि सही केली. वाफ्यामागे 600 ग्रॅमचा फरक बाभळींचा आणि अ व ड यांच्यातला गंधकाचा फरक 400 ग्रॅमचा, हे त्यांना माझ्याकडून ऐकावे लागले नाही. बाहेर आल्यावर मी किती वेळ नुसती हसत होते, ते आठवून आता संकोच वाटतो.

आठवले म्हणून आणखी दोन गोष्टी सांगते. एफ ओलांडला म्हणून चारही मात्रा एकमेकींहून वेगळ्या ठरत नाहीत. माझ्या तक्त्यात दोन सरासऱ्यांमध्ये निदान 2.83 चे, म्हणजे सुमारे 280 ग्रॅमचे अंतर हवे होते. सरासऱ्या 38, 39, 41 आणि 42 आहेत. त्यामुळे अ पेक्षा क आणि ड सरस, ब पेक्षा ड सरस, पण क आणि ड यांच्यात निवड करण्याइतका पुरावा नाही. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो.

दुसरी गोष्ट मांडणीपूर्वीची आहे. 4 × 4 मध्ये एररला सहाच डिग्री उरतात, 3 × 3 मध्ये तर दोनच, आणि इतक्या थोड्यांवर उभा केलेला एफ फार मोठा असल्याशिवाय टिकत नाही. जागा असेल तर 5 × 5 घ्यावा, तिथे बारा मिळतात, किंवा 4 × 4 चे दोन चौकोन लावावेत. शिवाय ही रचना असे गृहीत धरते की उताराचा परिणाम प्रत्येक मात्रेवर सारखाच होतो. तुंबलेल्या पाण्यात गंधक वेगळ्याच तऱ्हेने वागणार असेल, तर तो भाग एररमध्ये मिसळतो आणि या तक्त्यातून तो वेगळा काढता येत नाही. तशी शंका असेल तर लॅटिन स्क्वेअर घेऊ नये, मग फोटो कितीही देखणा येवो.