शून्य, तीन आणि कोपरे: एक स्लिदरलिंक सोडवताना

स्लिदरलिंक हे जपानच्या निकोलीचं कोडं, १९८९ सालचं. ठिपक्यांच्या जाळीत शेजारशेजारचे ठिपके आडव्या-उभ्या रेघांनी जोडत एकच बंद वेटोळं काढायचं. चौकोनात आकडा असेल, तर त्याच्या चार बाजूंपैकी तेवढ्याच बाजूंवर रेघ येते. रिकाम्या चौकोनावर कसलंच बंधन नाही. वेटोळ्याला फाटे फुटत नाहीत आणि ते स्वतःला कुठे शिवतही नाही. म्हणजेच कुठल्याही ठिपक्याला रेघा मिळणार त्या दोन, नाहीतर एकही नाही. सोडवताना माझी नजर आकड्यांपेक्षा ठिपक्यांवरच जास्त असते, कारण शून्य आणि तीन यांची खरी करामत तिथेच दिसते.

खाली दिलेलं पाच बाय पाचचं कोडं मी कसं सोडवलं ते सांगतो. सोबत कागदावर सहा बाय सहा ठिपके काढून घ्या.

```
    क  ख  ग  घ  च
१   ३  -  -  -  ०
२   -  ३  ३  -  -
३   -  -  ०  -  -
४   -  ३  -  -  ३
५   १  ३  -  -  २
```

पेन्सिल टेकवतो ती आधी शून्यावर. ग३ च्या चारही बाजूंवर फुल्या, च१ च्याही चारही बाजूंवर फुल्या. फुली मारायचा कंटाळा केला की पुढे डोकं खाजवत बसावं लागतं, कारण इथे ‘रेघ नाही’ ही माहिती ‘रेघ आहे’ इतकीच कामाची असते.

आता ग२ चा तीन. त्याची खालची बाजू शून्याने खाल्ली, म्हणून वरची, डावी आणि उजवी या तिन्हींवर रेघ. इथवर सगळेच येतात आणि बरेचजण इथेच थांबतात. पण डावी रेघ खाली ज्या ठिपक्यावर उतरते तिथे बघा: उजवीकडे फुली, खाली फुली. रेघेला डावीकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून ख२ ची खालची बाजू पक्की. तसंच उजवी रेघ खाली येऊन उजवीकडे वळते आणि घ२ ची खालची बाजू मिळते. शून्याला चिकटलेला तीन अशा पाच रेघा देतो: तीन स्वतःच्या आणि शून्याच्या दोन्ही अंगांना पसरणारे दोन हात. ग२ च्या वरच्या दोन ठिपक्यांना मात्र आता दोन-दोन रेघा झाल्या, म्हणून तिथून वर आणि बाजूला जाणाऱ्या चारही जागांवर फुल्या.

जाता जाता एक सांगतो. शून्य आणि तीन बाहेरच्या कडेला लागून शेजारीशेजारी असूच शकत नाहीत. तिनाची कडेवरची रेघ शून्याजवळच्या ठिपक्यावर आली की पुढे जागाच नसते. तशी जोडी दिसली तर आकडा उतरवताना चूक झाली आहे.

ग२ वरच्या फुल्यांमुळे ख२ ची वरची बाजू बाद झाली. तोही तीन, म्हणून त्याची डावी बाजू पक्की. ख२ च्या खालच्या-डाव्या ठिपक्याचं खातं भरलं. तिथून डावीकडे आणि खाली फुल्या.

मग क१. कोपऱ्यातल्या तिनाच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंवर रेघ असतेच, कारण टोकाच्या ठिपक्याला दोनच वाटा आहेत आणि त्या दोन्ही सोडल्या तर तीन भरणार कसे? तिसरी रेघ उजवीकडे की खाली, एवढंच ठरायचं राहतं. ती खाली आहे असं धरून पाहिलं. मग वरची रेघ कडेने पुढे सरकते. ग२ च्या वर दोन्हीकडे फुल्या आहेत, म्हणून तिला उतरायला वाव नाही आणि ती थेट च१ च्या शून्यावर जाऊन आपटते. तिथे पुढेही फुली, खालीही फुली. म्हणून तिसरी रेघ क१ च्या उजवीकडेच, आणि ती खाली ख२ च्या डाव्या रेघेला मिळते. डावीकडची रेघ कडेने क२, क३ च्या बाजूने खाली उतरते. कोपऱ्यातला शून्य फुकट जातो असं वाटतं, पण तो असा लांबून रस्ता अडवतो.

ख४ चा तीन ग३ च्या शून्याला तिरका लागून आहे. दोघांच्या सामाईक ठिपक्यावरच्या चार वाटांपैकी दोन शून्याने बंद केल्या. उरलेल्या दोन तिनाच्या, आणि त्या एकत्रच वापरायच्या किंवा एकत्रच सोडायच्या. दोन सोडून तीन होत नाही, म्हणून ख४ ची वरची आणि उजवी बाजू पक्की.

त्याखाली ख५ मध्येही तीन. वर-खाली लागून आलेल्या दोन तिनांमध्ये मधली बाजू आणि तिला समांतर असलेल्या बाहेरच्या दोन बाजू भरतात, आणि मधली रेघ दोन्ही टोकांना सरळ पुढे जात नाही. (अपवाद एकच: दोन चौकोनांभोवतीच अख्खं वेटोळं संपत असेल तर. बाकी आकडे उरलेले असताना तो विचार करायला नको.) म्हणून क५ ची वरची बाजू फुली. क५ मध्ये एक आहे, आणि कोपऱ्यातल्या एकाच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंवर फुल्याच असतात. कोपऱ्यात शिरलेली रेघ एकाचे दोन करते. राहिली उजवी बाजू, ती पक्की. वरून कडेने उतरणारी रेघही क४ च्या बाजूने खाली जाऊ शकत नाही, तिला क३ च्या खालून वळून ख४ ला मिळावं लागतं. ख५ चे तीन भरले, त्याच्या उजवीकडे फुली, आणि खालची रेघ ग५ खालून पुढे निघते.

शेवटचा कोपरा च५, त्यात दोन. इथे घाई नडते. रेघ बाहेरच्या दोन बाजूंवर असेल किंवा आतल्या दोन बाजूंवर, आणि डोळ्याला बाहेरचीच सोपी वाटते. पण दोन्ही पर्यायांत समान काय ते आधी घ्यावं: घ५ ची खालची आणि च४ ची उजवी बाजू दोन्हीकडे येतेच. त्या काढल्यावर बाहेरचा पर्याय तपासला. तसं असेल तर च४ च्या तिनाची खालची बाजू रिकामी, म्हणून वरची आणि डावी भरलेली. त्यामुळे च४ चे वरचे दोन्ही ठिपके भरून जातात, आणि घ२ खालून येणाऱ्या रेघेला ना च३ च्या वरून जाता येतं, ना त्याच्या डावीकडून उतरता येतं. वर तर च१ च्या शून्यामुळे आधीच फुल्या. रेघ लोंबकळत राहते, म्हणून पर्याय आतलाच. च५ ची डावी आणि वरची बाजू भरली की च४ ला डावी बाजू मिळत नाही, वरची मिळते. आणि घ२ खालची रेघ च३ च्या डावीकडून उतरून तिला जोडली जाते.

मग पेन्सिल न उचलता एकदा पूर्ण फेरी मारून रेघा मोजतो. इथे २४ भरतात. संख्या विषम आली तर मोजताना चुकलंय किंवा वेटोळं कुठेतरी तुटलंय, कारण उजवीकडे जेवढं गेलो तेवढंच डावीकडे आणि वर जेवढं चढलो तेवढंच खाली यावं लागतं. आणि फेरी पूर्ण झाल्यावरही कागदावर एखादी रेघ बाहेर उरलेली दिसली, तर वेटोळी दोन झाली आहेत, मग सगळे आकडे जुळत असले तरी.